पिवळ्या पट्टीवरचं बटण दाबायचं कधी आणि नाही कधी म्हणायचं? ई-मेलवरच्या फाईलींचा धोका आटपाडीच्या संगणक केंद्रापर्यंत

आटपाडी : ई-मेलवर आलेली वर्डची किंवा एक्सेलची फाईल संगणकावर उघडली, की वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी येते. तिच्यावर इंग्रजीत दोन ओळी असतात आणि शेजारी एक बटण असतं, "Enable Editing". बाजाराच्या दिवशी आटपाडीतल्या कुठल्याही झेरॉक्स किंवा संगणक केंद्रात अर्धा तास उभं राहिलं तर हे बटण किती झटकन दाबलं जातं ते कळतं. गिऱ्हाईक घाईत असतं, मागं रांग असते, प्रिंट काढायची असते. पट्टीवर काय लिहिलंय ते वाचायला वेळ कुणाला?

त्या दोन ओळींमध्ये नेमकं काय आहे आणि बटण दाबल्यावर आत काय बदलतं, हे समजून घ्यायला मुंबईतल्या मंत्रालयाचं एक प्रकरण उपयोगी पडेल. मे २०१६ मध्ये मंत्रालयातल्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम या दोन खात्यांचे सुमारे १५० संगणक 'लॉकी' नावाच्या खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. महसूल खातं म्हणजे सातबारा, फेरफार, जमिनीचे निकाल. बांधकाम खातं म्हणजे रस्ते आणि टेंडर. अशा ठिकाणच्या फाईली कुलूपबंद झाल्या आणि किल्ली परदेशातल्या कुणा अनोळखी टोळीच्या हातात गेली.

लॉकी हा फेब्रुवारी २०१६ मध्ये जगभर पसरायला लागला. त्याची सुरुवातीची पद्धत साधी होती. ई-मेल यायचा, विषयात 'Invoice' म्हणजे बिल आणि पुढं एक नंबर. मजकूर सभ्य, की सोबतचं बिल बघा आणि त्यावरच्या अटींप्रमाणे पैसे पाठवा. सोबत वर्डची एक .doc फाईल. ती उघडली की आत बिल नाहीच, नुसता अक्षरांचा कचरा दिसायचा. आणि त्या कचऱ्याच्या वर एकच वाक्य वाचता येईल असं असायचं, की अक्षरं नीट दिसत नसतील तर मॅक्रो चालू करा.

मॅक्रो म्हणजे फाईलच्या पोटात लिहून ठेवलेल्या आज्ञा. पगारपत्रकात एक बटण दाबलं की सगळ्या कामगारांची बेरीज आपोआप होते, ते काम मॅक्रो करतो. पण ह्याच आज्ञा संगणकाला असंही सांगू शकतात, की इंटरनेटवरून अमुक ठिकाणचा प्रोग्रॅम उतरवून घे आणि चालव. लॉकीच्या फाईलमधला मॅक्रो एवढंच करायचा. खरा व्हायरस फाईलमध्ये नव्हताच, तो बाहेरून यायचा. म्हणून अँटीव्हायरसला ती फाईल अनेकदा निरुपद्रवी वाटायची.

एकदा तो प्रोग्रॅम चालू झाला की संगणकावरची कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या फाईली एकेक करून कुलूपबंद करायचा आणि त्यांच्या नावाच्या शेवटी .locky असं जोडायचा. विंडोज स्वतः जुन्या प्रती राखून ठेवतं, त्याही पुसून टाकायचा. मग पडद्यावर संदेश यायचा, की अर्धा ते एक बिटकॉईन भरा आणि किल्ली घ्या. सगळ्यात वाईट भाग म्हणजे तो एका संगणकावर थांबायचा नाही. कार्यालयात चार संगणक एकमेकांना जोडून एकच फोल्डर सगळे वापरत असतील, तर त्या सामाईक फोल्डरमधल्या फाईलीही तो बंद करायचा. एकाने दाबलेल्या बटणाची किंमत शेजारच्या टेबलावरच्यालाही मोजावी लागायची.

कचरा अक्षरं दिसली की आपल्याकडं काय होतं

लॉकीने लोकांना फसवायला 'अक्षरं नीट दिसत नाहीत' हे कारण वापरलं. अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या माणसाला अशी फाईल बघून कदाचित शंका येईल. महाराष्ट्रात ती येणं अवघड आहे, कारण आपल्याकडं कचरा अक्षरांची फाईल ही रोजची गोष्ट आहे. श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं, की तिथं तो फॉन्ट नसल्यामुळे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. ग्रामपंचायतीचे जुने ठराव, पतसंस्थेच्या सभेच्या नोटिसा, लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळ्यांचा हा अनुभव आहे. त्यामुळे 'अक्षरं दिसत नाहीत, काहीतरी चालू करावं लागेल' ह्या वाक्यावर आपला माणूस चटकन विश्वास ठेवतो.

पण अक्षरांचा कचरा दिसण्याचा आणि मॅक्रोचा काहीएक संबंध नाही. फॉन्ट नसेल तर फॉन्ट टाकावा लागतो, किंवा पाठवणाऱ्याला सांगून मजकूर युनिकोडमध्ये किंवा पीडीएफ करून मागवावा लागतो. मॅक्रो चालू केल्याने कुठलंही मराठी अक्षर सुधारत नाही. जी फाईल स्वतःच्या पोटात 'मला वाचायचं असेल तर अमुक बटण दाबा' असं लिहून सांगते, ती तिथंच बंद करायची. खरं बिल, खरी नोटीस, खरं पत्र कधीही वाचणाऱ्याला बटण दाबायची विनवणी करत नाही. पुढं ह्या सूचनेचे वेश बदलले. कधी 'ही फाईल नव्या ऑफिसमध्ये बनवलेली आहे' असं यायचं, कधी 'हा मजकूर सुरक्षित ठेवलेला आहे, बघण्यासाठी परवानगी द्या' असं चित्र मायक्रोसॉफ्टच्या खुणेसह दिसायचं. वेश कुठलाही असो, मागणी तीच, पिवळ्या पट्टीवरचं बटण दाबा.

दोन पट्ट्या, दोन बटणं

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण पिवळी पट्टी एक नाही, दोन आहेत, आणि त्या एकामागून एक येतात.

पहिल्या पट्टीवर ठळक अक्षरात "PROTECTED VIEW" असं असतं. पुढं लिहिलेलं असतं, की इंटरनेटवरून आलेल्या फाईलीत व्हायरस असू शकतो, बदल करायचा नसेल तर असंच राहणं बरं. बटण असतं "Enable Editing". ही सोय ऑफिस २०१० पासून आहे. ह्या अवस्थेत फाईल जणू काचेच्या पेटीत ठेवलेली असते. वाचता येते, खालीवर सरकवता येते, मजकूर कॉपीही करता येतो. पण फाईलला बाहेर हात घालता येत नाही, मॅक्रो चालत नाही.

बटण दाबलं की काचेची पेटी निघते. फाईलमध्ये मॅक्रो असेल तर आता दुसरी पट्टी येते, "SECURITY WARNING Macros have been disabled." आणि बटण असतं "Enable Content". हे दुसरं बटण दाबलं की मॅक्रो सुटला. शिवाय संगणक ती फाईल विश्वासाची म्हणून लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी विचारतही नाही.

मग पहिलं बटण दाबायला काय हरकत, दुसरं नाही दाबलं म्हणजे झालं, असं कुणी म्हणेल. संगणक दुरुस्त करणारेही बऱ्याचदा हेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. वर्डमध्ये गणिताची समीकरणं लिहिण्यासाठी एक जुना छोटा प्रोग्रॅम होता, इक्वेशन एडिटर. तो २००० साली तयार झालेला होता आणि तसाच प्रत्येक ऑफिसबरोबर येत राहिला. त्यात एक भोक होतं, ते १७ वर्षांनी उघडकीला आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बुजवलं आणि जानेवारी २०१८ मध्ये तो प्रोग्रॅमच काढून टाकला. त्या भोकातून घुसणाऱ्या फाईलीत मॅक्रो नसायचाच. त्यामुळे दुसरी पट्टी यायचीच नाही. काचेच्या पेटीत असेपर्यंत फाईल गप्प बसायची आणि "Enable Editing" दाबलं की त्याच क्षणी काम करायची. ज्या संगणकावर अपडेट गेलेले नाहीत तिथं ही जुनी भोकं अजून तशीच उघडी आहेत. म्हणून पहिलं बटणही विचार करूनच दाबायचं.

जुलै २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आणखी एक बदल केला. नव्या ऑफिसमध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाईलीत मॅक्रो असेल, तर पिवळ्याऐवजी लालसर पट्टी येते, "SECURITY RISK" असं लिहिलेली, आणि तिच्यावर चालू करायचं बटणच नसतं. फक्त "Learn More" असतं. हा बदल चांगला आहे. इतकी वर्षं बटण समोर ठेवून 'दाबू नका' म्हणण्यापेक्षा बटणच काढून घेतलेलं बरं, हे कंपनीला उशिरा का होईना सुचलं.

पेन ड्राईव्हवर पट्टी पुसली जाते

आता आपल्या भागाला सगळ्यात जास्त लागू होणारी गोष्ट. ही पट्टी कशाच्या जोरावर येते?

ब्राउझरमधून फाईल उतरवली, की विंडोज त्या फाईलला एक अदृश्य चिठ्ठी जोडतं, 'ही बाहेरून आलेली आहे' अशी. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यासारखंच. वर्ड आणि एक्सेल ही चिठ्ठी बघतात आणि मगच काचेची पेटी लावतात. लाल पट्टीसुद्धा ह्याच चिठ्ठीवर अवलंबून आहे. चिठ्ठी बघायची असेल तर फाईलवर उजवी क्लिक करून "Properties" उघडायचं. खालच्या बाजूला लिहिलेलं दिसतं, की ही फाईल दुसऱ्या संगणकावरून आलेली आहे, आणि शेजारी "Unblock" अशी चौकट असते.

अडचण अशी, की ही चिठ्ठी संगणकाच्या हार्ड डिस्कवर टिकते, पण बहुतेक पेन ड्राईव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, एफएटी३२ किंवा एक्सफॅट, त्यांच्यावर ती ठेवायला जागाच नसते. म्हणजे एका केंद्रात ई-मेलवरून फाईल उतरवली, पेन ड्राईव्हवर घेतली आणि दुसऱ्या संगणकावर लावली, की बिल्ला गळून पडला. तीच फाईल, तोच मॅक्रो, पण आता काचेची पेटी नाही आणि लाल पट्टीही नाही. फार तर "Enable Content" वाली पिवळी पट्टी येईल, तीही मॅक्रो असेल तरच. झिप फाईल एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने सोडवली तरी आतल्या फाईलींचा बिल्ला जाऊ शकतो.

तालुक्यात फाईलींचा प्रवास कसा होतो ते बघा. ई-मेल फोनवर येतो. फोनवरून व्हॉट्सॲपवर पुतण्याला जातो. पुतण्या पेन ड्राईव्हवर टाकून विट्याला किंवा आटपाडीला केंद्रात नेतो. तिथं फाईल उघडते, पट्टीबिट्टी काही येत नाही, आणि चालक म्हणतो, 'बघा, काही प्रॉब्लेम नाही.' पट्टी आली नाही ह्याचा अर्थ फाईल स्वच्छ आहे असा नाही. ती कुठून आली हे संगणकाला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी माहिती माणसालाच असते आणि काचेची पेटीही त्यालाच लावावी लागते. वर्डमध्ये "Open" च्या चौकटीत फाईल निवडून "Open" बटणाच्या शेजारचा छोटा बाण दाबला, की "Open in Protected View" असा पर्याय मिळतो. पेन ड्राईव्हवरची परकी फाईल अशी उघडायला पाच सेकंद लागतात.

एका बिलाची गोष्ट

हे सगळं प्रत्यक्षात कसं लावायचं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, आटपाडीच्या एका डाळिंब बागायतदाराला बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्याकडून पैसे यायचे आहेत. ई-मेल येतो, व्यापाऱ्याच्या नावाने. विषय 'Payment Advice'. सोबत झिप फाईल आणि मजकुरात तिचा पासवर्ड दिलेला. झिप उघडली की आत "Payment_Advice.doc".

पहिली खूण पासवर्डची. कुलूप लावलं आणि किल्ली त्याच दाराला टांगली, तर कुलूप चोरासाठी नाही. ते अँटीव्हायरससाठी आहे, कारण पासवर्ड असलेल्या झिपच्या आत ई-मेल कंपनीला डोकावता येत नाही. बँकाही पासवर्डची फाईल पाठवतात हे खरं, पण त्या पीडीएफ पाठवतात आणि पासवर्ड मजकुरात उघडा लिहीत नाहीत, जन्मतारीख किंवा नावाची अक्षरं वापरायला सांगतात.

दुसरी खूण फाईलच्या शेपटीची. वर्डच्या .docx आणि एक्सेलच्या .xlsx ह्या फाईलींत मॅक्रो ठेवता येत नाही. .docm आणि .xlsm मध्ये ठेवता येतो, शेवटचा एम त्यासाठीच आहे. जुन्या .doc आणि .xls मध्ये मॅक्रो असेल किंवा नसेल, नावावरून कळत नाही. २००७ नंतर नव्या पद्धतीच्या फाईली आल्या. इतक्या वर्षांनी एखादा मोठा व्यापारी .doc मध्ये पैशाची माहिती पाठवत असेल तर प्रश्न विचारायला हरकत नाही. अर्थात .docx दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये, तीसुद्धा बाहेरून मॅक्रोवाला नमुना ओढून आणू शकते. विंडोजमध्ये ही शेपटी बहुधा लपवलेली असते. फोल्डरच्या "View" मध्ये जाऊन "File name extensions" वर खूण केली की दिसते. नाहीतर "Bill.pdf.docm" अशी फाईल "Bill.pdf" म्हणून मिरवते.

तिसरी गोष्ट, फाईल उघडलीच तर काचेच्या पेटीत काय दिसतं? पैशाची खरी पावती असेल तर गाडी नंबर, किती क्रेट, दर, कपात, बँकेचा व्यवहार क्रमांक हे सगळं पेटीतही वाचता येतं. वाचायला बटण लागत नाही. आत जर एखादं धूसर चित्र आणि 'बघण्यासाठी परवानगी द्या' एवढंच असेल, तर प्रकरण संपलं. फाईल बंद.

आणि ई-मेल खरंच त्या व्यापाऱ्याच्या पत्त्यावरून आला असेल तर? तरीही पुरेसं नाही. इमोटेट नावाचा व्हायरस २०१८ नंतर नेमका हाच डाव खेळायचा. ज्याचा संगणक बाधित झाला त्याचे जुने ई-मेल तो चोरायचा आणि त्याच बोलण्यात उत्तर आल्यासारखी फाईल पाठवायचा. मागचा मजकूर खरा, नाव खरं, फक्त फाईल खोटी. अशा वेळी उपाय एकच, फोन लावायचा, आणि तोही आपल्या डायरीतल्या नंबरवर. ई-मेलच्या खाली दिलेल्या नंबरवर नाही. 'शेठ, तुम्ही काही फाईल धाडली का' एवढं विचारलं की बास.

खानापूर-आटपाडी भागातली शेकडो घरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. सोनं-चांदी गाळणारी ही माणसं जीएसटीच्या नावाने आलेला कुठलाही ई-मेल बघून दचकतात, हे साहजिक आहे. पण जीएसटीची खरी नोटीस बघायला अनोळखी वर्ड फाईल उघडावी लागत नाही. पोर्टलवर स्वतः लॉगिन केलं की नोटिसा तिथं दिसतात. ई-मेल फक्त दवंडी आहे असं समजायचं आणि कागद पोर्टलवरून घ्यायचा.

मग होकार कधी?

प्रत्येक बटणाला नकार देऊन काम चालणार नाही. आयकर खात्याची विवरणपत्र भरायची एक्सेल फाईल मॅक्रोशिवाय चालतच नाही. जीएसटीच्या काही ऑफलाईन तक्त्यांचंही तसंच. इथं "Unblock" करावं लागतं आणि मॅक्रो चालू करावा लागतो. फरक एवढाच, की ही फाईल आपण स्वतः सरकारी पोर्टलवर जाऊन आणली. आपण पत्ता टाईप करून गेलो, आपण शोधली, आपण उतरवली. जी फाईल आपण आणायला गेलो तिला मॅक्रोची परवानगी देण्याचा विचार करता येतो. जी फाईल आपल्या दारात येऊन उभी राहिली आणि परवानगी मागते, तिला नाही. तीच आयकराची एक्सेल कुणी ई-मेलवर पाठवली तर ती वापरायची नाही, पोर्टलवरून पुन्हा उतरवायची.

"Enable Editing" ची गोष्ट थोडी वेगळी. फॉर्म भरून परत पाठवायचा आहे, ठरावात दुरुस्ती करायची आहे, पाठवणाऱ्याशी बोलणं झालेलं आहे, तर बदल करावा लागणारच. तेव्हा ते बटण दाबावं. पण त्यानंतर "Enable Content" वाली पट्टी आली तर थांबायचं. साध्या अर्जाच्या फॉर्मला मॅक्रो कशाला हवा?

संगणक केंद्रांची खरी अडचण प्रिंटची आहे. काचेच्या पेटीत प्रिंट निघत नाही, त्यासाठी परवानगीचं बटण दाबावंच लागतं. म्हणून तर दिवसात शंभर वेळा ते दाबलं जातं आणि काही केंद्रांत वैतागून ही सोय सेटिंगमधून कायमची बंद करून टाकतात. हा उद्योग फार महागात पडू शकतो, कारण त्याच संगणकावर लोकांचे आधार, बँक पासबुक, सातबारे पडलेले असतात. प्रिंटसाठी दुसरी वाट आहे. जीमेलमध्ये फाईल न उतरवता नुसती टिचकी मारली तर ती ब्राउझरमध्येच दिसते. तिथं मॅक्रो चालत नाही आणि तिथूनच प्रिंट देता येते. रकाने थोडे इकडेतिकडे होतात, तक्ता कधीकधी तुटतो. पण वाचायच्या कागदाला तेवढं चालतं. आणि केंद्रचालकाने गिऱ्हाइकाकडून पेन ड्राईव्ह घेण्यापेक्षा मूळ ई-मेल केंद्राच्या पत्त्यावर पुढं पाठवायला सांगितलं, तर बिल्लाही शाबूत राहतो.

फोनवर वाचणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. अँड्रॉईड फोनवरच्या वर्ड-एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाही. त्यामुळे संशय असलेली वर्डची फाईल आधी फोनवर उघडून आत काय आहे ते बघणं संगणकापेक्षा सुरक्षित आहे. फोनचा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे .apk. पीएम किसानची यादी, गाडीचं चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर जी .apk येते, ती कागद नाही, तो थेट प्रोग्रॅम आहे. तिथं कुठलीही काचेची पेटी नाही.

बटण दाबलं गेलंच तर

चूक झाली असं वाटलं तर पहिल्यांदा इंटरनेट तोडायचं. केबल ओढायची किंवा वायफाय बंद करायचं. लॉकीसारख्या फाईलीला बाहेरून माल आणावा लागतो आणि सामाईक फोल्डरपर्यंत पोचावं लागतं, म्हणून ही वाट बंद करणं सगळ्यात आधी. त्या संगणकाला पेन ड्राईव्ह किंवा बॅकअपची डिस्क लावायची नाही, नाहीतर तीही बाधित होईल. बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायचे, कारण असे सगळेच व्हायरस फाईली बंद करत नाहीत. काही गपचूप बसून पासवर्ड गोळा करतात आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, आणि cybercrime.gov.in वर तक्रार. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

फाईली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी भरून किल्ली मिळेलच ह्याची हमी कुणी देत नाही. लॉकीने बंद केलेल्या फाईली किल्लीशिवाय उघडतील असा फुकट उपाय निघाला नाही. ज्यांच्याकडं वेगळ्या डिस्कवर प्रत होती त्यांचं काम दोन-चार दिवसांत पुन्हा सुरू होऊ शकतं. पण ती डिस्क काढून कपाटात ठेवलेली असली पाहिजे. संगणकाला कायम चिकटलेली डिस्क ही व्हायरसच्या दृष्टीने आणखी एक फोल्डरच.

राहता राहिला प्रश्न जुन्या संगणकांचा. कित्येक संस्थांच्या आणि केंद्रांच्या संगणकांवर अजून ऑफिस २००७ आहे. त्याच्यात काचेची पेटी ही सोयच नाही, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याची मुदत संपली. ऑफिस २०१० ची मुदत ऑक्टोबर २०२० मध्ये संपली, आणि २०१६ व २०१९ ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ज्या केंद्राचा संगणक ऑफिस २००७ वर चालतो, तिथं ई-मेलवरची फाईल उतरवून उघडूच नये. ब्राउझरमध्येच बघावी, तिथूनच प्रिंट द्यावी. कुठली आवृत्ती आहे हे वर्ड सुरू करून "File" मधल्या "Account" मध्ये दिसतं. तिथं "File" ऐवजी डाव्या कोपऱ्यात गोल रंगीत बटण दिसलं, तर तो २००७ आहे.